अकरा नंबरचं दार

न्याय हा समाजाचा पाया आहे, असं सदानंद यांचं ठाम मत होतं. वसई पश्चिमेच्या त्यांच्या सोसायटीत ते गेल्या वर्षीच्या सजावट स्पर्धेपर्यंत टिकलं.

त्या स्पर्धेला परीक्षक म्हणून अध्यक्ष काशिनाथ यांचे साडू आले होते. त्यांनी काशिनाथांच्या सुनेला, इशिताला, पहिला नंबर दिला आणि तिच्याच हातचे पोहे खाऊन ते गेले. त्यानंतर आठवडाभर सोसायटीच्या ग्रुपवर कोणी शुभ सकाळ पाठवली नाही. याहून मोठा निषेध या इमारतीने पाहिला नव्हता.

यंदा नियम करायचं काम सचिव म्हणून सदानंदांकडे आलं. स्पर्धा दिवाळीत घ्यावी तर अर्धी इमारत रुसणार, नाताळात घ्यावी तर उरलेली. म्हणून वर्षअखेरीस, आणि सजवायचं फक्त दार, असं ठरलं. घरं लहानमोठी असली तरी बिल्डरने दारं सगळ्यांना सारखीच दिली होती. कंदील लावा नाहीतर तारा लावा, धर्मचिन्हाने गुण वाढणार नाहीत आणि कमीही होणार नाहीत. हातकामाला चाळीस गुण, कल्पनेला तीस, घरातल्या जुन्या वस्तू वापरल्या तर वीस, जिना मोकळा ठेवला तर दहा. विकत आणलेल्या तयार मखराला हातकामाचं शून्य. बरोबरी झाली तर हातकामाचे गुण बघायचे. परीक्षक तिघे, बाहेरचे, इमारतीत कोणाशी नातं नसलेले. त्यांनी आपापसात न बोलता गुण द्यायचे. दाराला चिठ्ठीने निघालेला नंबर लावायचा, नावाची पाटी कागदाने झाकायची, आणि घरच्यांनी आतच बसायचं.

हे सगळं महिनाभर आधी सभेत वाचून दाखवलं. तळमजल्यावरच्या उर्सुलाबाई म्हणाल्या, "सदानंदभाऊ, माझ्या दारापुढं दिवसासुद्धा काळोख असतो. परीक्षक काय चाचपून बघणार?" मग प्रत्येक दारापुढे सोसायटीतर्फे एकसारखा दिवा, असा नियम वाढला. सदानंदांना तो आपल्याला सुचला नाही याची जराशी लाज वाटली.

शेवटचा नियम मात्र त्यांचाच होता: समिती सदस्यांच्या घरांनी दार सजवावं, गुणही घ्यावेत, पण बक्षीस घेऊ नये.

घरी त्यांची बायको स्वप्ना भुईगावच्या माहेराहून आणलेली केळीच्या खोडाची सोपटं वाळवत बसली होती. गेली चार वर्षं तिचा नंबर हुकत होता आणि यंदा तो येणार, हे तिच्या हातांना कळलेलं होतं.

"म्हणजे नियम तुम्ही केलेत आणि बाद मी," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं, आणि सदानंदांनी ते मागितलं नाही.

तरीही तिने दार सजवलं. सोपटं सोलून त्यांची पाखरं केली, जुन्या साडीच्या काठाची चौकट केली.

निकाल पार्किंगमध्ये लागला. माईक सदानंदांच्या हातात होता. सर्वाधिक गुण अकरा नंबरला. आणि चिठ्ठीत अकरा नंबर निघाला होता तो त्यांच्याच दाराला.

काशिनाथ हळूच म्हणाले, "द्या हो वहिनींना. लोकांची हरकत नाही." खरंच कोणाची नव्हती, दोघांनी तर टाळ्याही सुरू केल्या. सदानंदांचा न्याय तेवढ्यात घोटभर पातळ झाला. देऊन टाकावं, असं त्यांच्या मनात आलंच.

स्वप्ना खुर्चीतून उठली. "अकरा बाद आहे. पुढचा नंबर वाचा."

"अगं, सगळे म्हणतायत तर..."

"आज म्हणतायत. उद्या जिन्यात मलाच भेटणारेत. वाचा."

पुढचा नंबर उर्सुलाबाईंचा होता. त्यांनी जुन्या जपमाळांचे मणी ओवून तोरण केलं होतं. त्या आधी स्वप्नाकडे गेल्या आणि तिचे दोन्ही हात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मगच बक्षीस घ्यायला वळल्या.

प्रत्येकाला आपापल्या गुणांची चिठ्ठी मिळाली, त्यावर कुठे कमी पडलो याचं एक वाक्य. हरलेल्यांनीही सदानंदांचे आभार मानले. इशिताला हातकामात शून्य होतं. चिठ्ठी घेऊन ती स्वप्नाच्या दारात आली आणि म्हणाली, "काकू, निदान कोणीतरी स्पष्ट सांगितलं. ती पाखरं मला शिकवाल?" दोघी तिथेच जिन्यात बसल्या. जिना अडवल्याचे गुण कोणी कापले नाहीत.

रात्री सदानंदांनी स्वतः चहा केला आणि कप तिच्या हातात दिला.

"तुझे आभार मानायचे राहिले."

"मलापण तुमचे," ती म्हणाली. "तो नियम नसता तर लोक म्हणाले असते, सचिवाची बायको म्हणून आली पहिली." तिने आपली गुणांची चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाने लावली होती आणि ती सरळ आहे ना, हे ती तिसऱ्यांदा बघत होती.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सकाळी सकाळीच पस्तीस शुभ सकाळ आल्या.

पहिलं बक्षीस इडलीपात्र होतं. स्वप्नाकडे तशी आधीपासून दोन होती.