बारा ओळी आणि चार दिवस

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या बाईंना कॉलेजात सगळे कोडबाई म्हणत. त्यांचे सख्खे मोठे भाऊ त्याच कॉलेजात निबंधलेखन शिकवत, आणि दुपारचा चहा दोघं एकाच टेबलावर घेत.

त्या दिवशी चहा निवला तरी कोडबाईंनी कपाला हात लावला नव्हता.

"दादा, तुझ्या त्या एआय पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने माझ्या साठ मुलांपैकी एकेचाळीस जणांना चोर ठरवलंय."

"मग असतील. माझ्या वर्गात सात सापडले. चौघांनी स्वतःहून कबूल केलं."

विभागप्रमुखांना संध्याकाळपर्यंत यादी हवी होती: असाइनमेंट कुणी एआयकडून लिहून घेतली त्यांची. सॉफ्टवेअरच्या यादीत सर्वात वर नर्सबाईंचं नाव होतं, एआयची शक्यता सत्त्याण्णव टक्के. वयाची पन्नाशी गाठलेली ही बाई वीस वर्षं इमर्जन्सी वॉर्डात काढून आता शिकायला आली होती आणि वर्गात पहिल्या बाकावर तोंड मिटून बसायची.

काहीतरी डोक्यात आलं आणि कोडबाईंनी समोरच्या लॅपटॉपवर स्वतःचीच जुनी फाइल सॉफ्टवेअरमध्ये घातली. पंधरा वर्षांपूर्वी मुलांसाठी लिहिलेलं नमुना उत्तर, तेव्हा असलं एआय कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. निकाल आला: त्र्याण्णव टक्के.

"घे! मीही चोर," त्या म्हणाल्या.

दादा खुर्ची सरकवून जवळ आले. "असं कसं?"

"तुझं सॉफ्टवेअर बघतं काय? पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो ते. निबंधात माणूस मध्येच भलताच शब्द टाकतो, वाक्य लांबवतो, तिथे थोडाफार अंदाज लागतो."

"तोही चुकतो कधीकधी. अगदी शिस्तीत लिहिणाऱ्या एका मुलीवर मागे नाहक आळ आला होता."

"मग कोडचं काय होत असेल बघ! कंस कुठे, शब्द कुठला, हे भाषाच ठरवते. शिवाय एक बटण दाबलं की सगळ्यांची मांडणी एकसारखी. गणित सुटलं की साठ जण येऊन जाऊन त्याच ओळींवर पोचतात. अक्षर ओळखायचं कसं, सगळेच छापील लिहितात तर?"

"म्हणजे पकडायचंच नाही कुणाला?"

कोडबाई लॅपटॉपकडे वळल्या. मुलं ज्या प्रणालीत कोड लिहीत तिथे प्रत्येक बदलाची नोंद राहत असे. त्यांनी नर्सबाईंची नोंद उघडली आणि चित्रफितीसारखी सुरुवातीपासून चालवली.

असाइनमेंट साधी होती: दवाखान्यातल्या रुग्णांची रांग लावायची, जास्त गंभीर तो आधी. नर्सबाईंनी पहिल्या दिवशी तेवढंच केलं आणि पुसलं. दुसऱ्या दिवशीच्या प्रोग्राममध्ये सारखेच गंभीर दोन रुग्ण आले की नंतरचा पुढे जात होता. ते आवरायला चाळीस ओळी वाढल्या, अडकल्या, पुन्हा वाढल्या. एका जागी सदतीस मिनिटं काहीच हललं नाही. तिसऱ्या दिवशी एकच ओळ टाइप झाली, खोडली, परत आली. आणि चौथ्या दिवशी त्या चाळीसच्या चाळीस ओळी एका झटक्यात गेल्या. त्यांच्या जागी एक छोटी तुलना उरली: आधी गंभीरपणा, तो सारखा असेल तर येण्याची वेळ. सगळा प्रोग्राम बारा ओळींचा.

तीस वर्षं कोडबाई उत्तरं तपासत आल्या होत्या. माणूस विचार करताना आज पहिल्यांदा दिसला होता.

"दादा, हे बघ," म्हणत त्यांनी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. दादांनी चष्मा पुसून नोंद पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

"पण खोटी नोंदही बनवता येते," ते हळूच म्हणाले. "दुसरीकडून पाहून सावकाश टाइप करायचं."

"येते. म्हणून तिलाच विचारते."

निरोप मिळताच नर्सबाई आल्या, पदर सावरत दारातच थबकल्या. "काही चुकलं का, बाई?"

"नाही हो. बसा. एक बदल करून दाखवा. रांगेत बसलेल्या रुग्णाची तब्येत बिघडली तर?"

नर्सबाईंनी स्क्रीनवरच्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "गंभीरपणाचा आकडा बदलून रांग परत लावावी लागेल. पण त्याची येण्याची वेळ नाही बदलायची. तो तेव्हापासूनच बसलाय ना, बाई. नवा धरला तर बिचारा त्याच्यासारख्याच गंभीर लोकांच्या मागे जाईल."

आणि पाच ओळींत तसं करून दाखवलं. प्रोग्राम पहिल्यांदा चालला नाही. एक कंस राहिला होता. दुसऱ्यांदा चालला.

दादा कधी उठून उभे राहिले ते त्यांनाही कळलं नाही.

संध्याकाळी विभागप्रमुखांकडे यादी गेली नाही. गेली ती चार ओळींची चिठ्ठी: निबंधाचं सॉफ्टवेअर कोडला लावू नये, प्रत्येकाची नोंद पाहीन, प्रत्येकाला समोर बसवून एक बदल करायला लावीन, मग बोलेन. साठ जण, दहा-दहा मिनिटं.

"आठवडा जाईल तुझा," दादा म्हणाले.

"जाऊ दे."

काही नोंदी निराश करणाऱ्या निघतील, पूर्ण उत्तर एका क्षणात येऊन पडलेल्या, आणि त्यांचे मालक समोर बसून गप्प राहतील, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी पुढची नोंद उघडली. पांढऱ्या पानावर एक शब्द उमटला, थांबला, खोडला गेला. कोडबाई श्वास रोखून बघू लागल्या.