शेपूट न दिसलेलं जनावर

सकाळी क्षिप्रानं ओसरीवरच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, तेव्हा पद्माकाकू देवाची फुलं काढून परतल्या होत्या आणि वाडीत शिंपण्याचा पंप सुरू झाला होता. काकूंनी चहाचा कप तिच्या कोपरापाशी ठेवला.

"तुझी मांजरं रात्रभर हिंडतात आणि जागरण तुला," त्या म्हणाल्या. "चहा तरी गरम घे."

मांडव्याजवळच्या काकूंच्या या सुपारीच्या वाडीत क्षिप्रा थंडीभर राहणार होती. पोफळींना बांधलेले कॅमेरे समोर काही हललं की छायाचित्र घेत, अंधारात अवरक्त प्रकाशानं. त्यातल्या जनावरांना नावं देणं हे तिचं काम. एकाच छायाचित्राला दोघांनी, एकमेकांचं न पाहता, नाव द्यायचं असा त्यांचा दंडक होता. दुसरं नाव पुण्याहून देवदत्त सर देत.

सरांची नावं आज आली होती. वाडीलगत वाहणाऱ्या व्हाळाकाठच्या कॅमेऱ्याच्या पहिल्या छायाचित्रापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'नाव देता येत नाही.' तिनं तिथे 'जवादी' लिहिलं होतं, मांजराएवढं, माणसाला निरुपद्रवी जनावर.

तिनं ते चित्र पुन्हा उघडलं. करडी पार्श्वभूमी, डावीकडे पडलेली झावळी, मधे पाठीचा आणि मागच्या पायांचा पांढुरका, हललेला आकार. डोकं चौकटीबाहेर, शेपूट झावळीआड. काही मिनिटांनंतरच्या पुढच्या चित्रात मात्र जवादी स्पष्ट होती. निमुळतं तोंड, शेपटीवर काळी कडी. अर्ध्या तासाच्या आतली एकाच जनावराची चित्रं एक नोंद धरायची असतात. जनावर एकच आहे की नाही, हे तिनं पाहिलंच नव्हतं. स्पष्ट चित्राचं नाव तिनं मागच्या चित्रालाही दिलं होतं.

तिनं चित्र मोठं केलं. पाठीवर ठिपके दिसले. आणखी मोठं केलं, तर तसेच ठिपके झावळीवरही होते. ते जनावराचे होते की चित्राच्या दाण्यांचे, सांगता येईना.

वाडीत कामाला येणाऱ्या दयारामनं परवा तिला याच चित्राबद्दल विचारलं होतं. व्हाळाजवळ बिबट्याचं पिल्लू दिसल्याची बोलवा होती, आणि त्याची मुलगी प्राप्ती त्याच वाटेनं, उजाडायच्या आत, अलिबागच्या एसटीला जाई. "ताय, जवादीच हाय ना?" क्षिप्रानं हसून 'हो' म्हटलं होतं. तेव्हापासून प्राप्ती एकटी जात होती.

आजही गेली असेल.

"काकू, प्राप्ती गेली का हो?"

"केव्हाच. एसटीतून बापाला फोन केला तिनं. का गं?"

क्षिप्रानं श्वास सोडला, पण भीती गेली नाही. उद्याची पहाट होतीच. आणि नुसतं 'जवादी नाही' म्हटलं, तरी दयारामच्या वस्तीतली पोरं फासे लावतील. त्यात जे सापडेल ते मरेल. गप्प राहणं सोपं होतं. नोंद फक्त सरांना दिसणार होती.

ती दयारामला घेऊन व्हाळाकडे गेली. कॅमेरा जागचा हलला नव्हता. जनावराचे पाय जिथे टेकले होते, तिथे तिनं मापाच्या खुणा केलेली काठी त्याला उभी धरायला सांगितली. झावळ्या वाऱ्याशिवाय हलल्यासारख्या वाटल्या, म्हणून ती दोनदा मागं वळली.

"कुनाला बगताय?" दयारामनं विचारलं.

"कुणाला नाही."

कॅमेऱ्यानं काठीचं छायाचित्र घेतलं. तिनं लॅपटॉपवर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. जवादी पाठीपाशी वीतभर उंच, फार तर थोडी अधिक. हे जनावर गुडघ्याच्या जरा खाली येत होतं.

"रानमांजर असू शकतं," ती म्हणाली. "बिबट्याचं पिल्लूही एवढं असतं. मी तुम्हाला जवादी सांगितलं, ते चुकलं. काय आहे ते मला ठाऊक नाही."

दयारामनं काठी हळूच जमिनीवर ठेवली.

"तुमी सांगितलं म्हनून सोडली मी पोरीला एकटी."

"हो."

त्यानं व्हाळाकडे मान वळवली. "पिल्लू असंल तर आय पन असंल."

"असेल. वनरक्षकांना मी आत्ता कळवते. वस्तीतही मीच येऊन सांगते. पण बिबट्या आहे असं म्हणणार नाही. आणि फासे लावू देऊ नका."

"आयकतील का न्हाय, सांगता येत न्हाय."

तिथेच उभं राहून तिनं वनरक्षकांना फोन केला. संध्याकाळी वस्तीत जाऊन बोलली. काहींनी ऐकलं, काही हसले. परत आल्यावर तिनं 'जवादी' खोडून 'अनिश्चित' लिहिलं आणि आपल्या सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा तपासायच्या आहेत, असं सरांना कळवलं.

पहाटे अंधारातच ती दयारामच्या दाराशी उभी होती. प्राप्तीनं दप्तर खांद्याला लावलं.

"तुमी कशाला आलात, ताई?"

"चालायला," क्षिप्रा म्हणाली.

पुढं काठी घेऊन बाप, मधे मुलगी, मागं विजेरी घेऊन ती. व्हाळ आला. पोफळीवरचा कॅमेरा क्षणभर लालसर मिणमिणला. क्षिप्रानं विजेरी झाडीकडे वळवली, तशीच धरून ठेवली, आणि ते दोघं पार गेल्यावरच पाऊल उचललं.