उपस्थितीचा रकाना

पत्र लिहायला बसले तेव्हा माझ्या मनात मुख्याध्यापक गावंडे सरांवरचा राग होता, दुसरं काही नाही. नववीचा प्रथम सत्राचा निकाल लागायला तीन आठवडे गेले. आठ विषयांच्या आठ वह्या, त्यावरून एक मोठं निकालपत्रक, त्यात दोनदा बेरीज चुकलेली. आणि दिवाळीनंतरच्या सभेत मुख्याध्यापक आम्हालाच विचारत होते, "पोरं मागं काहून पडून राहिली? कोणती पडली? सांगा न."

कोणालाच सांगता येईना. माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या स्टाफरूमला ठाऊक आहे. मी म्हटलं, "सर, कोण, कधीपासून, कोणत्या विषयात, हे एका पडद्यावर दिसलं पाहिजे. वह्या उचकून नाही."

"मंग द्या लिहून, दीक्षा मॅडम."

दिलं लिहून. 'विषय : इयत्ता नववी 'ब' साठी दुसऱ्या सत्रापुरता प्रायोगिक निकाल-डॅशबोर्ड सुरू करण्याबाबत.' गाडी चालवणाऱ्यासमोर काटे असतात तसं हे, असंही समजावलं, कारण सरांना नवा शब्द दिसला की ते आधी चष्मा काढतात. एक वर्ग, एक सत्र. शाळेच्याच संगणकावर, फुकटच्या तक्त्यात. फायदे लिहिले : चाचणी झाल्यावर आठ दिवसांत निकाल समोर. सलग दोन चाचण्यांत दहा टक्क्यांनी घसरलेलं मूल लाल रंगात. ज्याची उपस्थिती पंचाहत्तर टक्क्यांखाली गेली त्याच्या घरी वर्गशिक्षकानं आठवड्याच्या आत जायचं. नावं फक्त शिक्षकांना दिसतील, पालकाला फक्त आपल्या मुलाची ओळ. सत्र संपल्यावर दोन गोष्टी मोजायच्या : निकालाला किती दिवस लागले आणि घरभेटी किती झाल्या.

लागणारी माहिती : हजेरी क्रमांक, विषयवार चाचणीचे गुण, लेखी आणि अंतर्गत वेगवेगळे, आणि महिन्याची उपस्थिती. खाली एक टीप जोडली. 'गैरहजर विद्यार्थ्याच्या गुणांचा रकाना रिकामा ठेवावा. शून्य किंवा अंदाजे गुण भरू नयेत, अन्यथा सरासरी खोटी येते.' हे वाक्य लिहिताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही. आज आठवलं की स्वतःचीच चीड येते.

नुसतं पत्र पाहून सरांना पटायचं नाही, म्हणून नमुना करायचा ठरवला. वर्गशिक्षिका मीच. रविवारी अकोल्याला घरी बसून पहिल्या सत्राचे बावन्न मुलांचे आकडे भरले. मग गणिताचा आलेख काढला. आडवी उपस्थिती, उभे गुण. अपेक्षेप्रमाणे ठिपके डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजवीकडे वर चढत गेले. जो शाळेत येतो त्याला जमतं, यात काय नवल.

एक ठिपका मात्र डावीकडे एकटाच, पार वर होता.

वाटलं, आकडा चुकला. माऊस नेला. हजेरी क्रमांक तेवीस. आरती सूर्यभान खंडारे. अठ्ठ्याऐंशी दिवसांपैकी उपस्थिती नऊ दिवस. गणित अठ्ठ्याहत्तर.

आकडा चुकला नव्हता. ते अठ्ठ्याहत्तर मीच दिले होते.

आमच्या शाळेतली ही जुनी रीत. पटावरचं नाव कमी झालं की शिक्षकाची जागा कमी होते आणि एकजण 'अतिरिक्त' ठरून कुठल्या कुठं जातो. आमच्यात तो नंबर ललित सरांचा, सगळ्यात नवे म्हणून. तेव्हा न येणाऱ्या पोराचं नाव कोणी कापत नाही. नाव ठेवलं की गुणही भरावे लागतात. मागच्या वर्षीचे पाहून, थोडे कमी करून. आम्ही त्याला 'अंदाजाचे गुण' म्हणतो, 'अंदाजाचं मीठ' म्हणावं इतक्या सहजपणे. आरती गणितात हुशार होती, म्हणून माझा हात जास्तच सैल सुटला. मायेनं सुटला. मायेनंच.

मी ती ओळ पुसली. वर्गाची सरासरी अर्ध्या टक्क्यानं उतरली, बाकी काही झालं नाही. परत भरली. ठिपका पुन्हा तिथंच येऊन बसला.

मग आठवलं. जुलैचा दुसरा आठवडा. शिष्यवृत्तीची माहिती भरत होते. आरती टेबलाशी येऊन उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. म्हणाली, "मॅडम, आजी म्हणते उद्यापासून राहू दे."

मी मान वर न करता म्हटलं होतं, "सुट्टी पाहिजे तर अर्ज आण."

ती जरा वेळ उभी होती. किती वेळ, ते मला माहीत नाही, मी पाहिलंच नाही.

सोमवारी हजेरी घेताना बावीसनंतर माझा आवाज आपोआप खाली आला. "तेवीस." पोरं एका सुरात म्हणाली, "गैरहजर, मॅडम." ती जुलैपासून रोज अशीच म्हणत होती, त्यांना पाठ झालं होतं. मलाही पाठ झालं होतं. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर दोघीच बसतात, पण तिसरीची जागा सोडून बसतात. हेही मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

शाळा सुटल्यावर तिच्या गावी गेले. सहा किलोमीटर. आजी मैनाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. शाळेच्या मॅडम म्हटल्यावर उठून पाणी आणलं.

"आरती कुठं आहे, मावशी?"

"दिली न तिले. धामणगावाकडं. तुळशीचं लग्न झालं अन् आठच दिवसांत." बाई सुपाकडे पाहत बोलत होत्या. "पोरीचा बाप नाई, माय आजारी. मी किती दिवस पुरू? चुलता म्हणे चांगलं घर आहे."

"तिचं वय किती, माहीत आहे न तुम्हाला?"

"मले काय समजते बाई. अंगणवाडीवाली आली होती इचारायले. कोणीतरी सांगून दिलं होतं तिले. चुलत्यानं कागद दाखवला तुमच्या शाळेचा."

"कोणता कागद?"

त्या आत गेल्या आणि पिशवीतून प्रगतिपत्रक काढून आणलं. दिवाळीनंतर शेजारच्या पोरीच्या हाती पाठवलेलं. खाली माझी सही. "चुलता म्हणे, पहा, पोरगी शाळेत जाते, पास हाये, गणितात अठ्ठ्याहत्तर. लग्न कोण करून राहिलं? मंग ती बाई चालली गेली." मैनाबाईंनी कागद माझ्यापुढे धरला. "लई मार्क हायेत न?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

परतीच्या बसमध्ये १०९८ ला, मुलांच्या मदतवाहिनीला, फोन लावला आणि सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. पलीकडच्या मुलीनं शांतपणे विचारलं, "शाळेच्या नोंदीत ती गैरहजर आहे का?" मी म्हटलं, "हजेरीत आहे. निकालात नाही." तिला ते दोनदा सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गावंडे सरांनी मला बोलावलं. वामनराव गावंडे माणूस वाईट नाही. मार्चमध्ये निवृत्त होतात, तोवर पाण्यात दगड पडू नये एवढंच त्यांना हवं आहे. पत्र टेबलावर होतं. लाल पेनानं 'मान्य' लिहिलेलं. आणि 'महिन्याची उपस्थिती' या ओळीवर त्याच लाल पेनाची आडवी रेघ.

"गुणांचं करा मॅडम. झकास होईल. हजेरीचं राहू द्या."

"हजेरी नसली तर गुण खरे की खोटे, कळणार कसं सर?"

"म्हणूनच म्हणून राहिलो, राहू द्या. ललितच्या घरी दोन लेकरं हायेत. त्याले कुठं धाडू मी?"

ललित सर भला माणूस आहे आणि त्याची लेकरं खरी आहेत.

पर्स उघडून मी दुसरं पत्र काढलं. रात्रभर झोप आली नव्हती, पहाटे लिहिलं होतं. तोच विषय, तीच माहिती, उपस्थितीच्या रकान्यासकट. फक्त 'अपेक्षित फायदे' यात एक परिच्छेद जास्त होता.

'पहिल्या सत्रात हजेरी क्रमांक २३ ही विद्यार्थिनी जुलैपासून गैरहजर असताना मी तिला गणितात ७८ गुण दिले. त्या प्रगतिपत्रकाच्या आधारे ती शाळेत शिकत असल्याचं दाखवून तिचा बालविवाह लावण्यात आला. उपस्थिती आणि गुण शेजारी शेजारी असते तर ऑगस्टमध्येच हे दिसलं असतं. ही चूक माझी आहे.'

सरांनी वाचलं. चष्मा काढला. पुन्हा घातला.

"फाडून टाका हे. नोकरी जाईल तुमची."

"जाऊ शकते."

"तुमच्या एकटीनंच दिले का तिले मार्क? आठही जणांनी दिले."

"मी माझंच लिहिलंय, सर. बाकीच्यांनी आपापलं पाहावं."

मी पत्र उचललं आणि शेजारच्या खोलीत धर्मेंद्रबाबूंपुढे ठेवलं. ते आमचे कारकून. आवक नोंदवहीत क्रमांक पडला की कागद शाळेत 'आला', मग तो फाडता येत नाही. धर्मेंद्रबाबूंनी परिच्छेद वाचला, दाराकडे पाहिलं. दारात गावंडे सर उभे होते.

"टाकू का नंबर, सर?"

मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरांचा गलका झाला, तो विरला.

"त्या पोरीचं घर कसं आहे?" सरांनी मला विचारलं.

"स्वच्छ आहे. ओट्यावर तूर होती. आजीनं मला पाणी दिलं."

सर वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "टाक. अन् माझी सही घे. सही त्या पहिल्या पत्रावर नाही, ह्याच्यावरच."

त्या दुपारी संगणकापुढे बसले आणि टिपेत लिहिल्याप्रमाणे आरतीचा गुणांचा रकाना रिकामा केला. रिकाम्या रकान्याचा ठिपका आलेखात येत नाही. ती कोपऱ्यातून निघून गेली. उरलेले एक्कावन्न ठिपके ओळीत नीट चढत होते, आलेख अगदी पुस्तकात असावा तसा देखणा झाला होता. खोटे आकडे होते तोवर ती निदान दिसत तरी होती. मी तिथं बसून रडले. धर्मेंद्रबाबू उठून बाहेर गेले.

मग डोळे पुसून या महिन्याची रोजची हजेरीही भरली आणि पडद्यावर सगळ्यात वर, सरासरीच्याही वर, एक चौकट केली. 'वर्गात आहेत, आलेखात नाहीत.' सूत्र सोपं होतं : पटावर नाव, पण गुणांचा रकाना रिकामा, किंवा सलग सात दिवस गैरहजर. चौकटीत एक नाव येईल असं मला वाटलं होतं.

दोन आली. तेवीस, आणि खाली एक्केचाळीस. प्राजक्ता. नऊ दिवसांपासून येत नव्हती. रोज तीसुद्धा "गैरहजर, मॅडम" होत होती आणि मी पुढचा नंबर घेत होते.

मी पडदा तसाच ठेवून सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, अजून एक आहे. प्राजक्ता. नऊ दिवस झाले." त्यांनी खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली.