सदतीस ओळी

तालुका आरोग्य कार्यालयात सकाळपासून कल्पिताचं डोकं फिरलं होतं. गेल्या आठवड्यात दिवेआगरच्या पुतळाबाईला वाडीत सुपारी वेचताना विषारी फुरसं चावलं आणि आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लसच नव्हती. दुसरीकडे नेईपर्यंत तीन तास गेले. जीव वाचला, पायाची दोन बोटं गेली. ‘लस तालुक्याने मागितलीच नव्हती’, असं आज वरून उत्तर आलं. तालुक्याची औषधांची मागणी कल्पिताच्याच संगणकावरून जाई. तिने रागारागाने मागच्या मागणीची फाइल उघडली.

केंद्रांकडून प्रत्येक औषधाचा वर्ग बाणांनी जोडून येतो: ‘औषधे > इंजेक्शन > प्रतिजैविक > लहान मुलांचे’. बाणांवर तोडून, पातळीमागे एक, असे चार रकाने करून वर पाठवायचे. पण ‘औषधे > सर्पदंशाची लस’ दोन पातळ्यांतच संपते, तिचे पुढचे दोन रकाने रिकामे राहतात. केंद्रांकडून आलेल्या ओळी होत्या चारशे बारा. पाठवलेल्या, तीनशे पंचाहत्तर.

उरलेल्या सदतीस कुठे गेल्या, ते तिला लख्ख आठवलं. “रिकामा रकाना म्हणजे अपूर्ण माहिती,” तिचे वरिष्ठ शिवदास साहेब तेव्हा म्हणाले होते. “फाइल परत येते. उडव त्या ओळी.”

नवी यादी आज दुपारपर्यंत जायची होती. साहेब चहा घेत तिच्या पाठीशी येऊन उभे राहिले.

“परत रिकामे रकाने? उडव म्हटलं ना!”

“नाही उडवणार.”

“मग वरच्या ओळीतलं खाली ओढ. भरल्यासारखं तरी दिसेल.”

“वरच्या ओळीत लहान मुलांचं प्रतिजैविक आहे, साहेब! लस त्याच्यात घालू? वर्ग संपला तिथे संपला. पुढे ‘लागू नाही’ लिहीन. नाव डावीकडे, आपल्या पातळीवरच राहील, आणि आल्या तेवढ्या ओळी जातील.”

“मला शिकवतेस?”

“हो! तिथे बाईची बोटं गेली आणि तुम्हाला यादी देखणी हवी! उडवायचं असेल तर लेखी द्या.”

साहेबांनी कप तिच्या टेबलावर टेकवला. लेखी म्हटल्यावर भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. “पाठव तुझी यादी,” म्हणून ते निघून गेले.

तिने ओळी मोजल्या. चारशे बारा. यादी पाठवली. मग साहेबांची सही दाखवून त्यांना उघडं पाडायचं म्हणून तिने मागच्या यादीचा छापील कागद काढला. खाली एकच सही होती: ‘यादी तयार करणार’ या शब्दांपुढे, तिची स्वतःची.

संध्याकाळी तो कागद घेऊन ती दवाखान्यात पुतळाबाईच्या खाटेशी गेली. बाईने उशाशी सरकून जागा केली.

“बस गो. लस न्हाय बोलले. कोनी इसारली काय?”

“मी,” कल्पिता म्हणाली.