एकही शुभेच्छा नसलेला संदेश

मी लिहिलेला संदेश ऐकून आजी स्वतःच्याच लग्नाच्या वाढदिवसातून उठून निघून गेली. केक अजून कापायचा होता.

असं काही झालं नाही. आजी कुठंही गेली नाही, मी कसलाही संदेश लिहिला नाही, आमच्या घरी सगळे मजेत आहेत. आता मूळ गोष्ट सांगतो.

आजोबांच्या हृदयातली एक झडप नीट मिटत नव्हती. ती बदलायची तारीख एकदा ठरली होती. पण आदल्या संध्याकाळी आजी त्यांच्या पायजम्यांच्या घड्या घालता घालता रडली आणि आजोबांनी सरळ डॉक्टरांना फोन लावला. "आमच्या हिला भीती वाटतेय. राहू द्या सध्या." जणू सोफा बदलायचा होता. डॉक्टर म्हणाले, या वेळी ठीक, पण पुन्हा असं केलंत तर झडप तुमच्यासाठी थांबेल असं समजू नका.

त्यामुळे नवी तारीख मिळाल्यावर आत्यानं घरात कायदा केला. आजोबांसमोर कुणीही घाबरायचं नाही. सगळ्यात कडक पालन आजीचं. "एवढीशी झडप ती," असं ती दिवसभर भिंतींना सांगत हिंडायची. आणि ऑपरेशनच्या आदल्याच दिवशी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस येत होता, कारण योगायोगाला आमचं घर तोंडपाठ आहे.

"संदेश तू लिहायचास," आत्या मला म्हणाली. "तुझं कामच आहे ते."

माझं काम म्हणजे फोनवर ताटकळणाऱ्या लोकांसाठी वाक्यं लिहिणं. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे माझं नाही, ते आधीपासून आहे. 'आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार' माझं. घरात मला कॅसेट म्हणतात.

"काकाला सांग ना. गेल्या वेळी त्यानंच लिहिला होता."

"त्यानं 'असेच शंभरी गाठा' लिहिलं होतं. या वेळी कुणी शंभरी म्हटलं की आई मनात वजाबाकी करणार आणि चेहरा पडणार. बाबा चेहरा बघणार आणि फोन उचलणार. कळलं? नेहमीचं एकही वाक्य नको. आणि कॅसेट, चूक झाली तर ऑपरेशन गेलं."

मी हो म्हटलं.

पहिला कच्चा मसुदा ऑफिसमध्ये लिहिला. आमची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे फोम लावलेलं कपाट. आत माझी वाक्यं रेकॉर्ड करणारी आवाजबाई बसते. लाखो लोक तिच्यावर रोज चिडतात आणि ती सगळ्यांचे आभार मानते. मी तिला म्हटलं, जरा तुझ्या कामाच्या आवाजात वाच.

"आपली साथ अशीच बहरत राहो," आवाजबाई म्हणाली. "आपला जोडा सदैव आनंदी राहो. यानंतर 'एक दाबा' म्हणू का?"

खरंच, एकही वाक्य त्या आवाजात खटकलं नाही. म्हणजे ते कुणालाही उद्देशून चाललं असतं. मी सगळं खोडलं. 'राहो', 'लाभो', 'होवो' अशी येणाऱ्या काळाकडे काही मागणारी वाक्यं या घरात तशीही बंदच होती. येणारा काळ म्हणजे उद्या, आणि उद्या ऑपरेशन थिएटर.

मग मी मागच्या काळाकडे वळलो. दोघांनी काय काय केलं, कसा संसार उभा केला, किती माणसं जोडली. आवाजबाईनं वाचलं आणि वाचता वाचता तिचा आवाज आपोआप खाली गेला.

"कधी वारले?" तिनं विचारलं.

"जिवंत आहेत गं दोघं!"

"मग 'त्यांनी सदैव सर्वांना माया दिली' कशाला? हा शोकसंदेश झाला, राजा. फोटोला हार घालायचा तेवढा राहिलाय."

हे मी हॉलमध्ये वाचलं असतं तर आजोबांना स्वतःच्याच अंत्यसंस्काराला केक खावा लागला असता.

"असं कर," आवाजबाई म्हणाली, "अजून चालू आहे असं काहीतरी धर. रोजचं. आणि मग तुमच्या शेजारचं जोडपं मनात घेऊन तेच वाच. त्यांनाही लागू पडलं तर टाकून दे."

हे ऐकायला सोपं वाटतं. मी घरी जाऊन दोघांच्या मागे लागलो. आजोबा आयुष्यभर कवळ्या बनवत होते. आजही ते माणसाशी बोलताना आधी त्याच्या दातांशी बोलतात. त्यांना विचारलं, आजीबद्दल एक गोष्ट सांगा.

"दाढा मजबूत," ते म्हणाले.

"संदेशात घालता येणार नाही, आजोबा."

"मग तुझ्या संदेशाचे दात कच्चे आहेत."

हे एकट्या आजीचं झालं, शिवाय शेजारच्या काकूंच्याही दाढा मजबूत निघाल्या. आजी म्हणाली, "ते चहा गार करून पितात." ते शेजारचे काकाही करतात. 'दोघं भांडतात आणि पुन्हा बोलतात' यात तर अख्खी बिल्डिंग मावली. आणि नुसती एकाची खोडी लिहिली तर दुसरा प्रेक्षक होतो. एकाच वाक्यात दोघांनाही काम पाहिजे होतं.

ते मला गाडीत सापडलं. आजोबांना तपासणीला नेलं, आणि हट्टानं गाडी त्यांनीच चालवली. मी मागे. आजी त्यांच्या शेजारी. आजी पूर्वी ड्रायव्हिंग शिकवायची. शिकवण्याच्या गाडीत गुरूच्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिष्य बसवर चालून गेला तर दाबायला. आमच्या घरच्या गाडीत तो नाही. तरी समोर सायकल आली आणि आजीचा उजवा पाय मॅटवर दाबला गेला. आजोबांनी तिच्याकडे बघितलंही नाही, पण गाडी हळू झाली. मी लहानपणापासून हे बघत होतो आणि कधी पाहिलं नव्हतं.

मी लिहिलं. आवाजबाईनं कामाच्या आवाजात वाचून बघितलं आणि मध्येच तिला तो आवाज सोडावा लागला. शेजारच्या काकूंना गाडीत बसलं की झोप लागते. सगळ्या परीक्षा पास. मला इतकं हलकं वाटलं की मी स्वतःचा कॉल स्वतःसाठी महत्त्वाचा समजू लागलो.

वाढदिवसाला फक्त घरचे होते. आजी-आजोबा टेबलामागे, समोर केक. आत्यानं मला डोळ्यांनी दम दिला आणि मी वाचलं:

"आजी, आजोबा, आम्ही सगळे तुमच्या गाडीत मागच्या सीटवर वाढलो. आजोबा गाडी चालवतात. आजी शेजारी बसून ब्रेक दाबते. तिच्या बाजूला ब्रेक नाही, हे दोघांनाही माहीत आहे. तरी ती दाबते आणि गाडी हळू होते. हे कसं होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही मागे निवांत झोपतो."

काका हसला. आत्यानं नाक पुसलं. शंभरी नाही, हार नाही. मी वर बघितलं.

आजोबा टेबलाखाली बघत होते.

माणसाला सवय असते, पायाबद्दल ऐकलं की पायाकडे बघायची. एकेक करून सगळ्यांनी बघितलं. आजीचा उजवा पाय फरशीवर रुतवलेला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत. खुर्ची कुठंही चालली नव्हती. चेहरा 'एवढीशी झडप' म्हणत होता आणि पाय, देव जाणे किती दिवसांपासून, ब्रेक दाबत होता. आमच्या कायद्यात पायाचा विचार कुणी केलाच नव्हता. आणि मी शोधून शोधून, गाळून गाळून, नेमका त्याच्यावर उजेड पाडला होता.

"अगं," आजोबा हळूच म्हणाले, "एवढी घाबरलीस?"

"पायात गोळा आलाय."

"मग हळू करू या. उद्याचं बघू पुढे कधीतरी." आणि त्यांचा हात फोनकडे गेला.

आत्या "बाबा!" म्हणून ओरडली. आजी उठली, गाडीची किल्ली उचलली आणि दारातून बाहेर पडली.

हो, ठीक आहे. झालं होतं तसं.

आजोबा फोन तसाच ठेवून तिच्यामागे निघाले. मी त्यांच्या मागे, कारण ते पडले तर निदान माझ्यावर पडावेत. खाली पार्किंगमध्ये आजी गाडीत बसली होती, स्टिअरिंगच्या बाजूला. आजोबा धापा टाकत तिच्या शेजारी बसले. मी मागच्या सीटवर.

"अहो, मी ब्रेक दाबला म्हणून तुम्ही कधी गाडी थांबवलीत?" आजीनं समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं. "भर रस्त्यात? मागे पोरं असताना?"

"नाही."

"हळू केलीत. पोचलो ना सगळीकडे?"

"पोचलो."

"मग? मला भीती वाटते. वाटणार. झडप माझी नाही, नवरा माझा आहे. म्हणून काय इथंच उभं राहायचं?"

आजोबांनी सीटचा पट्टा ओढला आणि तसाच सोडला. मग म्हणाले, "मलाच फार भीती वाटते गं. तुझं नाव पुढे केलं."

"गेल्या वेळीपण?"

"गेल्या वेळीपण."

आजीनं मान वळवून त्यांच्याकडे पूर्ण बघितलं. शिकाऊ ड्रायव्हरकडे बघायची तसं. मला वाटलं आता कानाखाली बसते, आणि मध्ये पडायचं तर नक्की कुणाच्या बाजूनं ते मला ठरवता येईना.

"जन्मभर लोकांचे दात बसवले आणि स्वतःचे वाजतायत," ती म्हणाली. "उद्या गाडी मी चालवणार. तुम्ही इकडे बसा आणि दाबा काय दाबायचं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच झालं. आजोबांचा पाय सगळ्या रस्त्यात मॅटवर होता. आजीनं वेग कमी केला, पण सिग्नल हिरवा असताना ती कुठंही थांबली नाही.

त्यांना स्ट्रेचरवरून आत नेलं. दार झुललं, बंद झालं. आत्या आणि काका चहा आणायला गेले, म्हणजे रडायला. आजी बाकावर बसली. तिचा पाय काय करत होता ते मी बघितलं नाही. पुन्हा बघणार नाही.

"कॅसेट," ती म्हणाली, "कालच्या त्या संदेशाला शेवट नव्हता."

"शेवटी शुभेच्छा असते, आजी. ती आपण काढली."

"शुभेच्छा नकोच. मागणी कर. तुमच्या त्या फोनवाल्या बाईसारखी, कडक. तिचं ऐकतात म्हणे लोक."

तिचं कुणीच ऐकत नाही, लोक फोन आपटतात. पण आजीचा हात बर्फासारखा होता आणि तो माझ्या हातात होता. मी घसा साफ केला आणि त्या बंद दाराकडे बघून, जमेल तितक्या सरकारी आवाजात बोललो:

"सर्व संबंधित विभागांना विनंती करण्यात येते की, सदर दाम्पत्यापैकी कोणाही एकाला दुसऱ्याशिवाय पुढे बोलावण्यात येऊ नये. दोघांचा क्रमांक एकच धरण्यात यावा, आणि तो रांगेत सर्वांत शेवटी ठेवण्यात यावा. ही विनंती तात्काळ मंजूर करून तसे लेखी कळवावे."