घास नाही, तर गोळी नाही

वन्संचा मेसेज आला तेव्हा मी बाळाला नाचण्याची पेज भरवत होते. शुभांगी वन्सं इंग्लंडमध्ये स्विंडनला असतात, तिथल्या वृद्धाश्रमात काम करतात. बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, साखर वाढल्याचं कळल्यापासून त्यांना तिकडे चैन नव्हतं.

माझ्या नवऱ्याने, सागरने, वाचून दाखवलं:

"सागरा, नीट वाच. साखरेची छोटी गोळी सकाळी, नाश्त्याच्या अगदी आधी. घास नाही, तर ती गोळी नाही. आधी डॉक्टरांना फोन. मोठी गोळी दोन्ही जेवणांनंतर. आता धोका ओळखायचा कसा ते. गार घाम, थरथर, चिडचिड, भलतंच बोलणं, म्हणजे साखर उतरली. मशीन हाताशी नसेल तर शोधत बसू नकोस. शुद्धीत असतील, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाज. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, एकशे आठला फोन. तोंड वाकडं झालं, छातीत दुखलं, तरी तेच. आणि बाबांना म्हणावं, मी ओरडत नाहीय."

"ओरडताच आसा ती," बाबा म्हणाले.

सागर गोव्यातल्या मोपा विमानतळावर टॅक्सी चालवतो. पहाटे निघताना गोळी बाबांच्या हातावर ठेवायची, हे त्याचं काम. पुढे नाश्त्याचं माझं.

दसऱ्याला मात्र गोंधळ झाला. सागरने गोळी दिली आणि तो गेला. मी तांदळाचे पोळे वाढले, तर बाबा म्हणाले, "देवळात खातंय, बाबलीकडे." मला खरंच वाटलं. पण त्यांचा उपास होता. तरंग, म्हणजे देवीच्या साड्या नेसवलेल्या काठ्या, देवळाबाहेर येईपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. गोळी पाण्याबरोबर घेतली तर उपास मोडत नाही, एवढाच त्यांनी हिशेब केला होता.

दुपारी बाळाला कडेवर घेऊन मी देवळात गेले. सागरही भाडं सोडून आला होता. ढोल सुरू झाले, आणि खांबाशी बसलेले बाबा थरथरायला लागले.

"भार इलो!" कोणीतरी ओरडलं. "यशवंताक भार इलो!"

बाबा पूर्वी तरंग धरायचे, अंगात देवीचा संचार व्हायचा. गुडघे गेल्यापासून बंद होतं. लोक हात जोडून उभे राहिले. शेजारची भागीरथी तर पायाशीच बसली. "आई, माझ्या झिलाचा लगीन कधी?"

"बस चुकली," बाबा पुटपुटले. "तिकीट खंय आसा?"

"म्हणजे औंदा नाय," भागीरथीने कपाळाला हात लावला.

सागर पुढे झाला. कोणीतरी त्याला ओढलं, "हात लावू नको रे!" तो थबकला. देवीच असली तर? पण मी बाबांचा हात धरला. बर्फासारखा गार, आणि सदरा पिळून निघेल असा ओला.

"सागर, गार घाम. भलतंच बोलणं," मी म्हटलं. "वन्संनी लिहिलंय तेच." मग मी बाबांच्या कानाशी ओरडले, "बाबा, सकाळी खाल्लंत ना?"

"त्याचो तर उपास," मागून बाबली म्हणाले. ते गावकर, देवळातला शब्द त्यांचा. "दर वर्सा आसता."

सागरचं तोंड उतरलं. "गोळी मीच दिली. साखर आणा कोणी, पाण्यात! लवकर!"

"उपास मोडतलो!" दोघं-तिघं एकदम म्हणाले.

"मोडू दे," सागर म्हणाला. "देवी असेल तर गोड घेईल. बाबा असतील तर वाचतील."

मग बाबली चहाच्या गाड्याकडे वळून गरजले, "आयकूक येना मरे? साखर हाड!"

पेला आला, पण बाबांनी दात घट्ट आवळले, सागरचा हात झटकला. तेव्हा बाबलीच पेला घेऊन समोर बसले आणि देवीशी बोलतात तसे हळू आवाजात म्हणाले, "आई, लेकरांचा मान राख. घोटभर घे."

बाबांनी तोंड उघडलं. एक घोट, दुसरा, मग सगळा पेला.

थरथर हळूहळू ओसरली. बाबांनी डोळे चोळले. "भागीरथी, तू माझ्या पायाकडे कित्याक?"

बाळासाठी बरोबर घेतलेले पोळे मी त्यांना भरवले आणि सागरने गाडी थेट आरोग्य केंद्रात नेली. साखर वर आली होती, तरी डॉक्टरांनी सोडलं नाही. या गोळीचा जोर बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून एक रात्र ठेवून घेतलं. गोळी बदलायची का, तेही बघू म्हणाले.

वन्संचा व्हिडिओ कॉल आला. सागर कसाबसा म्हणाला, "ताई, चूक माझी. तू लिहिलं होतंस."

"उपासाचं मला तरी कुठे सुचलं? आणि तुम्ही ओळखलंत ना?" त्या रडत हसत होत्या.

खाटेवरून बाबा म्हणाले, "माझी चूक. तू ओरडशील म्हणून सांगलंय नाय. पण पुढल्या वर्साक मी तरंगासमोर बसतलंयच."

"बसा की. आधी पेज जेवून," मी म्हटलं.

बाबांनी दाराकडे पाहिलं. बाबली शहाळं घेऊन आत येत होते. "काय गावकर, चलता?"

"भर देवळात साखरपाणी चललां," बाबली म्हणाले, "तर पेजेक कोण नाय म्हणतलो? पण शहाळा तुका नाय हां. डॉक्टराक विचारल्याबगर नाय."

आणि नळी लावून ते स्वतःच प्यायला बसले.