सायीची वाटी

पोहे, घावणे, माझ्या शहाण्या भावाला सकाळी काही म्हणजे काही नको असायचं. वजन उतरवायचं म्हणून सुबोध नुसती कॉफी प्यायचा, तीत दोन मोठे चमचे तूप घुसळून. दुपारपर्यंत भूकच लागत नाही म्हणे. आई मात्र खूश. किती वर्षांनी पोराने तिच्या हातचं काही मागितलं होतं! रोज साय साठवायची, तूप कढवायची.

वजन उतरलं. पण काल गोरेगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवला. वाईट कोलेस्टेरॉल एकशेदहावरून दोनशेवर गेलं होतं. म्हणाले, "जेवणात चमचाभर तूप वेगळं आणि नाश्त्याऐवजी रोज एवढं वेगळं. आता बंद करा, तीन महिन्यांनी परत तपासू. वडील हार्ट अटॅकने गेलेत ना?"

घरी येऊन सुबोध आईवरच खेकसला, "तूच भरभरून देत होतीस ना!"

"मागत तू होतास रे!" मी ओरडले.

आज सकाळी तिने सवयीने दुधावरची साय काढली. मग वाटी हातात तशीच धरून मला विचारलं, "दर्शना, तुझ्या बाबांनापण तूप मीच वाढायचे ना गं?"